नूतनीकरण ईमेल (वर्गणीवर चालणारी सेवा)

ठरावीक मुदतीच्या वर्गणीवर चालणाऱ्या सेवेची मुदत संपण्याआधी पुरवठादार ग्राहकाला जे पत्र ईमेलने पाठवतो, त्याला नूतनीकरण ईमेल म्हणतात. व्यवहारात त्याला सरसकट ‘रिन्युअल मेल’ म्हटले जाते. त्यात दोनच गोष्टी लागतात: सरलेल्या मुदतीत ग्राहकाचे काय काम झाले याची आठवण, आणि पुढची मुदत कधीपासून कधीपर्यंत व किती रुपयांत, हे एका वाचनात कळेल असे सांगणे. या नोंदीत महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांना हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सेवेचे उदाहरण घेतले आहे. अशा पत्राचा कस तिथे चांगला लागतो.

कारण असे की, सोसायटीत पत्र वाचणारा एक आणि निर्णय घेणारे अनेक असतात. सॉफ्टवेअर घेतले तेव्हाचे खजिनदार कदाचित आज समितीवर नसतात. सचिव मेल उघडतात, समितीच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवतात किंवा छापून मासिक सभेत वाचून दाखवतात. मंजुरी मिळाली की धनादेशावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या होतात. म्हणून ज्याने सॉफ्टवेअर कधी उघडलेलेही नाही अशा सदस्याला ऐकताना समजेल, असेच ते पत्र लिहावे लागते. संस्थेचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असल्याने वर्गणीही बहुधा याच मुदतीची ठेवतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेले पत्र त्या महिन्याच्या सभेनंतर पोचते, निर्णय एप्रिलवर जातो आणि नव्या वर्षाची पहिली बिले अडकतात. फेब्रुवारीच्या मध्याला गेलेले पत्र मार्चच्या सभेच्या विषयपत्रिकेवर येऊ शकते.

झालेल्या कामाची आठवण हा पत्राचा अवघड भाग आहे आणि तोच सर्वाधिक बिघडतो. नेहमीची चूक म्हणजे वर्षभरात सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या नव्या सोयींची यादी देणे. नवा डॅशबोर्ड आला, ॲप बदलले, ही पुरवठादाराची कामे झाली, त्याने संस्थेचे काय झाले ते कळत नाही. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. थकबाकी कमी झाली तर तिचे सगळे श्रेय सॉफ्टवेअरकडे ओढले जाते. वसुली मात्र समितीने दारोदार जाऊन, नोटिसा काढून केलेली असते, आणि पत्र वाचणाऱ्यांत ती करणारा माणूस बसलेला असतो. त्याला हे खटकणारच. आकडा जरूर द्यावा, पण सॉफ्टवेअरचा वाटा तेवढाच सांगावा: यादी दर महिन्याला तयार मिळत होती. आकडे संस्थेच्या स्वतःच्या नोंदींतले असावेत, म्हणजे खजिनदारांना ते दोन मिनिटांत ताडून पाहता येतात. असे दोन-तीन आकडे पुरतात, दहा दिले की सभेत एकही लक्षात राहत नाही.

वर्षात काही बिघडले असेल तर त्याचा उल्लेख याच परिच्छेदात यावा. बिले उशिरा गेल्याचे सभासदांना आठवत असते. पत्र त्यावर गप्प राहिले तर सभेत पहिला प्रश्न तोच निघतो आणि उरलेले पत्र कोणी ऐकत नाही.

९६ सदनिकांच्या एका कल्पित संस्थेला जाणारे पत्र असे असेल. विषयाच्या ओळीत ‘नूतनीकरण: १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७, एकूण रु. २३,३६४’ एवढेच, आणि मजकूर:

> मा. सचिव व खजिनदार, सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या संस्थेची चालू वर्गणी ३१ मार्च २०२६ रोजी संपते. एप्रिल ते जानेवारी या दहा महिन्यांत ९६० देखभाल बिले निघाली. त्यांपैकी ८११ बिलांचे पैसे सभासदांनी ऑनलाइन भरले, त्यामुळे त्या पावत्या हाताने नोंदवाव्या लागल्या नाहीत. तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेल्या सदनिका एप्रिलमध्ये १४ होत्या, जानेवारीअखेर ६ आहेत. ही वसुली समितीची आहे, त्यासाठी लागणारी यादी आम्ही दर महिन्याच्या ५ तारखेला देत आलो. ऑक्टोबरची बिले आमच्या चुकीने दोन दिवस उशिरा गेली. त्यानंतर बिले आदल्या दिवशी तपासून ठेवण्याची पद्धत सुरू केली आहे.
>
> नवी मुदत १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७. वर्गणी रु. १९,८००, जीएसटी १८ टक्के रु. ३,५६४, एकूण रु. २३,३६४. गेल्या वर्षी एकूण रु. २१,२४० होते, म्हणजे रु. २,१२४ वाढ. सेवेत काही कमी केलेले नाही.
>
> मार्चच्या सभेत मंजुरी मिळाल्यास ‘मंजूर’ एवढे उत्तर पुरे, बिल आम्ही पाठवू. पुढे चालू ठेवायचे नसेल तर ३१ मार्चपर्यंत कळवावे. सर्व नोंदी एक्सेलमध्ये देऊ.

यात रकमेचा परिच्छेद नीट पाहण्यासारखा आहे. जीएसटी धरून एकूण रक्कम दिली आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या संस्थेला हा कर वजा करून घेता येत नाही, तिच्या दृष्टीने खरी किंमत २३,३६४ हीच. ‘रु. १९,८०० अधिक कर’ असे लिहिले की सभेत कोणीतरी मोबाइलवर गुणाकार करत बसतो. वाढ टक्क्यांत न सांगता रुपयांत सांगितली आहे आणि जुना आकडा शेजारीच ठेवला आहे, कारण खजिनदार मागच्या वर्षाचे व्हाउचर काढून तो बघणारच असतात. मुदत ‘एक वर्षासाठी’ अशी न लिहिता दोन्ही तारखांसह लिहिली आहे. पैसे मेमध्ये भरले तर मुदत कुठून मोजायची, हा वाद एवढ्याने टळतो. दर सदनिकेमागे महिन्याला साधारण २० रुपये पडतात, हेही सांगता आले असते. पण वाढीच्या शेजारी असा बारीक आकडा ठेवला तर वाढ लपवल्याचा संशय येतो. सभेत कोणी विचारले तर तो तोंडी सांगणे बरे.

याच पत्रात महागडी योजना, तीन वर्षांची सवलत किंवा गेट-पासची जोडसेवा घुसवली की समितीपुढचा प्रश्न बदलतो. ‘चालू ठेवायचे का’ याऐवजी ‘कोणते घ्यायचे’ यावर चर्चा होते आणि विषय पुढच्या सभेवर जातो. जोडसेवेचे पत्र नूतनीकरणानंतर वेगळे पाठवावे.

नको असल्यास काय करायचे, ही ओळ काहीजण मुद्दाम गाळतात. भारतात ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवणाऱ्या युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हणून मनाई आहे. कार्डावरून आपोआप वळत्या होणाऱ्या वर्गणीबाबत रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला पूर्वसूचना जावी लागते. धनादेशाने पैसे देणाऱ्या सोसायटीला ती सूचना येत नाही, तिला मुदत संपण्याची खबर या पत्रातूनच मिळते.

पत्र जमले की नाही हे उत्तरावरून कळते. ‘एकूण किती?’ किंवा ‘कधीपर्यंतचे?’ असे उत्तर आले तर दुसरा परिच्छेद फसला. ‘आम्हाला याचा काय उपयोग झाला?’ असे आले तर पहिला. ‘सभेत ठेवतो’ हे चांगले उत्तर आहे, त्यानंतर सभेच्या दोन दिवस आधी एकच आठवण पाठवावी. काही ठिकाणी मात्र पत्राने काहीच साधत नाही. संस्थेने ऑक्टोबरपासून बिले पुन्हा वहीत लिहायला घेतली असतील, तर सांगण्याजोगा आकडाच उरत नाही. तिथे जानेवारीतच खजिनदारांना फोन करून अडचण विचारावी लागते, आणि नूतनीकरणाचे पत्र ती सुटल्यावरच पाठवता येते.