रेपो दर आणि चलनवाढ

चलनवाढ म्हणजे एखाद्या जिनसेचा भाव चढणे नव्हे, तर एकंदर किंमतपातळी सतत वाढत राहणे. ती ४ टक्क्यांजवळ, २ ते ६ च्या पट्ट्यात राखण्याचे उद्दिष्ट रिझर्व्ह बँकेपुढे २०१६ पासून आहे. त्यासाठीचे मुख्य हत्यार रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीचे कर्ज ज्या व्याजाने देते तो दर. इंदूरमध्ये लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ‘रेपो वाढला की महागाई घटते’ हे पाठ असते. उत्तराचे गुण मात्र मधल्या कड्यांना असतात.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. समजा, सुदामानगरातल्या एका कुटुंबाने २० लाखांचे गृहकर्ज २० वर्षांसाठी ७ टक्के बदलत्या व्याजाने घेतले होते. त्यांचा हप्ता सुमारे १५,५०० रुपये. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जे बाह्य दराशी, बहुधा रेपोशीच जोडलेली असतात. म्हणून व्याज ९.५ टक्के झाले. आता महिन्याचे नुसते व्याजच १५,८०० च्या वर जाते. जुन्या हप्त्यात मुद्दल फिटणे दूर, व्याजही भागत नाही. मुदत तीच ठेवली तर हप्ता १८,६०० च्या पुढे जातो. मग या घरातली नवी स्कूटर पुढे ढकलली जाते. अशी असंख्य घरे हात आखडतात, दुकानदाराचा खप मंदावतो आणि भाव वाढवायची त्याची हिंमत होत नाही. या साऱ्याला कित्येक महिने लागतात.

ही साखळी मागणीतूनच जाते, आणि तिची मर्यादाही तीच. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडले, चलनवाढ ७.४४ टक्क्यांवर पोचली. तरी रेपो हलला नाही, आणि ते योग्यच होते: कर्ज महाग केल्याने चोइथराम मंडीत टोमॅटोची एक गाडीही जास्त येत नाही. नवे पीक आले आणि सप्टेंबरमध्ये आकडा ५.०२ वर उतरला.

मग २०२२ मध्ये दर का वाढवले? तेव्हाही सुरुवात युक्रेन युद्धामुळे चढलेल्या इंधन-धान्याच्या भावांनीच झाली होती. फरक गाभा चलनवाढीत दिसतो. अन्न आणि इंधन वगळून उरणारा हा आकडा तेव्हा ६ टक्क्यांच्या आसपास अडून बसला होता. २०२३ च्या जुलैत तो ५ च्या जवळ होता. गाभा चढाच राहिला, तर भाववाढ भाजीवरून मजुरी, भाडे आणि शिकवणीच्या फीपर्यंत पसरली असे समजावे. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या एकूण चलनवाढीची सरासरी ६ च्या वर राहिली, आणि कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेला प्रथमच सरकारला लेखी कारणे द्यावी लागली.