फीडफॉरवर्ड गेन आणि इंटिग्रेटर: दोन्ही चूक शून्य करतात, मग फरक कुठे?

स्टेट फीडबॅकमध्ये पोल हवे तिथे नेता येतात, पण मोटर दिलेल्या वेगावर जाऊन थांबेल याची हमी त्यातून मिळत नाही. त्यासाठी दोन उपाय शिकवले जातात. कागदावर दोन्हींचं उत्तर सारखंच येतं, म्हणून गल्लत होते.

वेग सांभाळणारी एक साधी सर्व्हो घेऊ:

`ω' = -2ω + 4u`

इथे ω हा वेग, u हा मोटरला दिलेला इनपुट. पहिला उपाय फीडफॉरवर्ड गेन N चा: `u = -kω + N r`, यात r हा हवा असलेला वेग. पोल -10 वर हवा, म्हणून `k = 2`. स्थिर अवस्थेत `10ω = 4N r`, म्हणून `N = 2.5`. r = 100 दिलं की वेग बरोबर 100. आता मोटरचा गेन 4 नसून प्रत्यक्षात 3 आहे असं समजा. तेव्हा `8ω = 7.5r`, आणि वेग 93.75 वर अडकतो, कितीही वाट पाहा. N हे मॉडेलवरून आधीच काढलेलं उत्तर आहे. ते चुकलं तर सुधारणारं कोणी नाही. लोड वाढला तरी हीच गत.

दुसऱ्या उपायात, म्हणजे इंटिग्रेटरमध्ये, r - ω ही चूक सतत बेरजेत साठवणारी एक जादा स्टेट xI घेतात:

```
xI' = r - ω
u = -kω + kI*xI
```

आता पोल दोन: `s² + (2+4k)s + 4kI`. ते -5±5j वर ठेवले की `k = 2`, `kI = 12.5`. k तोच आला हा आकड्यांचा योगायोग. k आधी ठरवून kI मागाहून चिकटवू नये. याच k सोबत kI = 100 घेतला तर डॅम्पिंग 0.25 वर येतं आणि मोटर चांगलीच डोलते.

वेग 100 वर स्थिरावतो तेव्हा xI = 20 असतो. गेन 3 झाला की xI आपोआप 21.33 वर सरकतो आणि वेग पुन्हा 100. कारण सरळ आहे: सिस्टिम स्थिर असेल तर xI थांबलाच पाहिजे, आणि तो थांबतो फक्त r = ω असताना. अर्थात ω म्हणजे सेन्सर दाखवतो तो वेग; सेन्सरच चुकीचं वाचत असेल तर इंटिग्रेटर ती चूकही इमानाने पाळतो.

याची किंमत सॅच्युरेशनमध्ये मोजावी लागते. u ची मर्यादा 60 असेल तर गेन 3 वर वेग 90 च्या पुढे जात नाही. चूक 10 च राहते आणि xI दर सेकंदाला 10 ने फुगतो. अर्ध्या मिनिटाने r = 80 केलं तरी मोटर जवळजवळ तितकाच वेळ 90 वरच धावते. रेफरन्स उतरवला आणि u मर्यादेवरून हलत नाही, असं दिसलं की हा वाइंडअप समजावा. u मर्यादेला टेकला असताना बेरीज थांबवणं हा साधा इलाज.

मी स्वतः दोन्ही ठेवतो. N r ही ठेवला की मॉडेल बरोबर असताना xI शून्यावर येतो, आणि गेन 3 असताना त्याला फक्त 1.33 एवढीच भर घालावी लागते.