रोझमेरी व पेपरमिंटचा सुगंध आणि परीक्षेच्या काळातील एकाग्रता

अभ्यास करताना किंवा परीक्षेला बसण्यापूर्वी रोझमेरी अथवा पेपरमिंट यांच्या बाष्पनशील तेलाचा वास घेण्याची पद्धत. या वासाने लक्ष टिकते, वाचलेले जास्त आठवते आणि मरगळ जाते, असे मानले जाते. या तीन दाव्यांना मिळणारा आधार सारखा नाही. मरगळ कमी झाल्यासारखे वाटते, याला प्रयोगांचा बऱ्यापैकी आधार आहे. लक्ष आणि स्मरणशक्ती यांबाबत थोडे पुरावे आहेत. परीक्षेतील गुण वाढतात, हे मात्र अजून कोणी दाखवलेले नाही.

रोझमेरी हे तुळशीच्या कुळातील सुईसारख्या पानांचे झुडूप आहे. त्याचे जुने शास्त्रीय नाव रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस. आता त्याचा समावेश साल्व्हिया या प्रजातीत होतो. त्याच्या तेलात १,८-सिनिओल, कापूर आणि अल्फा-पायनीन हे मुख्य घटक असतात, पण त्यांचे प्रमाण झाडाच्या वाणानुसार बरेच बदलते. एका बाटलीत सिनिओल भरपूर, तर दुसरीत कापूर जास्त, असे सहज घडते. पेपरमिंट हा पुदिन्याच्या दोन जातींचा संकर असून त्याच्या तेलात मेंथॉल प्रमुख असते. स्वयंपाकात वापरला जाणारा साधा पुदिना यापेक्षा वेगळा आहे. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा असतो आणि त्यात मेंथॉल नगण्य असते. म्हणून पेपरमिंटवरील प्रयोगांचे निष्कर्ष पुदिन्याला लावता येत नाहीत.

२००३ चा प्रयोग

रोझमेरीबद्दलच्या बहुतेक दाव्यांचे मूळ इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. त्यात १४४ निरोगी प्रौढांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे तीन गट केले होते. एका गटाच्या खोलीत रोझमेरीचा, दुसऱ्याच्या खोलीत लव्हेंडरचा वास होता. तिसऱ्या गटाच्या खोलीत कोणताच वास नव्हता. प्रयोगाचा खरा हेतू शेवटपर्यंत सांगितला नव्हता. प्रत्येकाने संगणकावर लक्ष आणि स्मृती यांच्या चाचण्या दिल्या. शब्द आणि चित्रे दाखवून ती काही वेळाने आठवायला किंवा ओळखायला सांगण्याच्या चाचण्या त्यांत होत्या.

रोझमेरीच्या गटाची स्मृतीची अचूकता बिनवासाच्या गटापेक्षा चांगली निघाली. बातम्या आणि जाहिराती येथेच थांबतात. त्याच प्रयोगात याच गटाचा स्मृतीच्या चाचण्यांमधील वेग मात्र कमी झाला होता. म्हणजे उत्तरे जास्त बरोबर आली, पण द्यायला वेळ जास्त लागला. वेळेचे बंधन असलेल्या बहुपर्यायी परीक्षेत ही देवाणघेवाण फायद्याचीच ठरेल असे नाही. ‘रोझमेरीने स्मरणशक्ती वाढते’ या वाक्यातून हा अर्धा भाग गळणे ही या विषयातली सर्वांत मोठी दिशाभूल आहे. लव्हेंडरच्या गटाची तात्पुरती माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता घटली. रोझमेरीचा गट स्वतःला अधिक तरतरीत समजत होता.

या प्रयोगात शब्द पाहणे आणि ते आठवणे एकाच बैठकीत, एकाच खोलीत झाले. परीक्षेचा अभ्यास आठवडे किंवा महिने चालतो आणि उत्तर दुसऱ्याच जागी लिहायचे असते. काही मिनिटांनी शब्द आठवण्याच्या फरकावरून तीन महिन्यांनी प्रमेयाची सिद्धता आठवेल की नाही, हे सांगता येत नाही.

पेपरमिंट

त्याच विद्यापीठातील २००८ च्या प्रयोगात पुन्हा १४४ जणांवर पेपरमिंट आणि इलंग-इलंग या फुलाचे तेल यांची तुलना झाली. पेपरमिंटने स्मृती सुधारली आणि तरतरी वाढली. इलंग-इलंगने स्मृती घटली आणि मन शांत झाले. त्याआधी १९९१ मध्ये अमेरिकेत वॉर्म, डेंबर व परासुरमन यांनी पडद्यावर क्वचित दिसणारी खूण ओळखण्याचे दीर्घ आणि कंटाळवाणे काम देऊन पाहिले. मध्ये मध्ये पेपरमिंटचा वास मिळालेल्यांनी जास्त खुणा बरोबर टिपल्या. हा निष्कर्ष विद्यार्थ्याला अधिक जवळचा आहे, कारण लक्ष ढळते ते बहुधा अशाच रटाळ कामात. तिथे वास सतत दरवळत नव्हता, झुळका येत होत्या, हेही ध्यानात घ्यावे.

उलट बाजूचा पुरावाही तितकाच दखलपात्र आहे. २००१ मध्ये इल्मबर्गर व सहकाऱ्यांनी पेपरमिंट, मेंथॉल, १,८-सिनिओल आणि इतर वासांचा खुणेला प्रतिसाद देण्याच्या वेगावर काय परिणाम होतो, हे तपासले. वास घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत ठोस फरक आढळला नाही. मात्र वास कसा वाटला याविषयीची व्यक्तीची स्वतःची धारणा आणि तिची कामगिरी यांत संबंध दिसला. वासाबद्दलचे मत आणि अपेक्षाच काही अंशी काम करत असावीत, असा त्याचा अर्थ आहे. गोळीच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी कोणती हे कळू न देता येते. वासाच्या बाबतीत तसे करणे जवळजवळ अशक्य असते. या क्षेत्रातील प्रत्येक निष्कर्षाला ही मर्यादा चिकटलेली आहे.

परिणाम होत असेल तर कसा

१,८-सिनिओल श्वासावाटे फुफ्फुसांतून रक्तात जाते, एवढे निश्चित आहे. प्रयोगशाळेतील नळीत ते अ‍ॅसिटिलकोलीन या मेंदूतील संदेशवाहकाचे विघटन करणाऱ्या विकराला रोखते. स्मृतिभ्रंशावरील काही औषधेही हेच विकर रोखतात, त्यामुळे कल्पना आकर्षक वाटते. २०१२ मध्ये मॉस आणि ऑलिव्हर यांनी रोझमेरीच्या वासात बसलेल्या २० जणांना वजाबाकीची मालिका आणि दृश्य माहिती टिपण्याचे काम दिले व नंतर त्यांचे रक्त तपासले. रक्तात सिनिओल जास्त असलेल्यांची कामगिरी चांगली होती. पण यातून कारण सिद्ध होत नाही. जो मन लावून काम करतो त्याचा श्वास वेगळा चालत असेल, तर सिनिओल जास्त जाणे हा त्याचाच परिणाम असू शकतो. नळीत विकर रोखण्यासाठी लागणारी मात्रा वासातून मेंदूपर्यंत पोहोचते का, हा प्रश्नही उरतोच.

मेंथॉलचा मार्ग वेगळा आहे. ते नाकातील थंडावा ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवते. तो संदेश घ्राणतंत्रिकेने नव्हे, तर चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या त्रिधारी तंत्रिकेने मेंदूकडे जातो. म्हणूनच पेपरमिंट नुसते हुंगले जात नाही, ते नाकाला झोंबतेही. सर्दीत मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते; मोजले तर हवेचा अडथळा तेवढाच असतो. तरतरीचेही असेच असू शकते: जाणीव खरी, पण तिच्या मागे कामगिरी वाढलेलीच असेल असे नाही.

वापर

एका थेंबाचे आकारमान साधारण ०.०५ मिलिलिटर असते. कापसाच्या बोळ्यावर किंवा टिश्यूवर एक ते दोन थेंब टाकून तो हातभर अंतरावर वाटीत ठेवणे पुरते. अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर असेल तर १०० मिलिलिटर पाण्याला दोन-तीन थेंब पुरेत. वीस-पंचवीस मिनिटांनी ते बंद करून खिडकी उघडावी. काही मिनिटांतच नाक वासाला सरावते आणि वास ‘गेला’ असे वाटते. इथेच चूक होते: आणखी थेंब टाकले जातात, खोलीतील प्रमाण वाढत जाते आणि शेवटी डोके जड होते. वास येईनासा झाला की बाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत यावे. दारातच वास आला, तर तो संपलेला नव्हता. विराम घेऊन पुन्हा अभ्यासाला बसताना ताजी झुळूक घेणे हे १९९१ च्या प्रयोगाशीही जुळते.

बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नसेल आणि नुसते ‘सुगंध’ असे लिहिले असेल, तर आत कृत्रिम अत्तर असण्याची शक्यता असते. कागदावर टाकलेला थेंब दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग राखून असेल, तर त्यात बहुधा न उडणारे तेल मिसळलेले आहे.

स्वतःवर चाचणी

अभ्यासाच्या १२ बैठका घ्याव्यात आणि प्रत्येकीच्या आधी नाणे उडवून वास ठेवायचा की नाही ते ठरवावे. एका बाजूच्या सहा झाल्या की उरलेल्या दुसऱ्या बाजूच्या. प्रत्येक बैठकीच्या शेवटी सारख्या काठिण्याचे २० प्रश्न सोडवून बरोबर उत्तरे आणि लागलेला वेळ, दोन्ही लिहावेत. समजा, वासाच्या सहा बैठकांत १४, १५, १२, १६, १३ आणि १५ उत्तरे बरोबर आली. बेरीज ८५, सरासरी सुमारे १४.२. बिनवासाच्या सहांत १३, १४, १५, १२, १६ आणि १३ आली. बेरीज ८३, सरासरी १३.८. फरक एका प्रश्नाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे, आणि दोन्ही बाजूंचे आकडे १२ ते १६ मध्येच हेलकावतात. याला फायदा म्हणता येणार नाही. वासाच्या फक्त एका बैठकीतले १६ पाहून निर्णय घेतला असता, तर वेगळेच वाटले असते. ‘आज छान लक्ष लागले’ ही नोंद वेगळ्या रकान्यात ठेवावी. ती आणि गुण वेगवेगळ्या दिशांना जाताना अनेकदा दिसतील.

अभ्यासात वापरलेला वास परीक्षेतही असेल तर आठवायला मदत होते, हा वेगळा युक्तिवाद आहे. १९९० मध्ये शाब यांनी चॉकलेटच्या वासाने शब्दांच्या स्मरणावर असा परिणाम दाखवला होता. मात्र तो संकेताचा गुण आहे, रोझमेरीचा नव्हे. शिवाय रोज सगळ्या विषयांना तोच वास जोडला तर तो कशाचाच संकेत राहत नाही. रुमालाला लावलेले तेल परीक्षागृहात शेजाऱ्याला त्रासदायक ठरू शकते, हेही आलेच.

धोके

ही तेले पोटात घेऊ नयेत आणि न मिसळता त्वचेला लावू नयेत. रोझमेरीच्या तेलात कापूर असल्याने अपस्मार असलेल्यांनी ते टाळावे. दमा असलेल्यांना तीव्र वासाने खोकला किंवा श्वासाला त्रास होऊ शकतो. अर्धशिशी असलेल्यांचे डोके दुखू शकते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल गेल्यास श्वास अडखळण्याचा धोका असतो, म्हणून बाळ असलेल्या खोलीत पेपरमिंटचे तेल ठेवू नये. मांजरांचे यकृत अशी द्रव्ये नीट निकामी करू शकत नाही. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर वापरू नये. उघडलेली बाटली उजेडात राहिली की हवेने तेलातील टर्पिने बदलतात आणि असे जुने तेल त्वचेवर पुरळ आणू शकते. बाटली गडद काचेची, घट्ट झाकलेली आणि थंड जागी असावी; वासाला आंबट किंवा रंगाच्या टर्पेंटाइनसारखी छटा आली, तर तेल टाकून द्यावे.