सणाची पगारी सुटी आणि त्या दिवशीच्या कामाचा मोबदला (सोलापूर)

राष्ट्रीय दिन किंवा सण यांसाठी कामगाराला वेतन न कापता मिळणारी सुटी, आणि त्याच दिवशी कामावर बोलावले गेल्यास त्याबद्दल मिळणारे जादा वेतन किंवा बदली रजा, असा हा दुहेरी हक्क आहे. साप्ताहिक सुटी ही विश्रांतीसाठी असते आणि अर्जित रजा ही वर्षभर केलेल्या कामातून साठते. सणाची सुटी या दोन्हींपेक्षा वेगळी आहे, कारण ती विशिष्ट तारखेला बांधलेली असते आणि ती तारीख एकदा कामात गेली की परत येत नाही. त्यामुळेच मोबदल्याचा प्रश्न या सुटीच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा उपस्थित होतो. सोलापुरात चादर-टॉवेलची दुकाने, शालेय गणवेश शिवणारे कारखाने, यंत्रमागाचे शेड आणि विडी कारखाने एकाच पेठेत शेजारी शेजारी चालतात, पण त्यांतील प्रत्येकाला लागू होणारा कायदा एकच नसल्याने एकाच 15 ऑगस्टचा हिशोब चार ठिकाणी चार प्रकारे होताना दिसतो.

हा हक्क नेमका कोठून येतो याविषयी बराच गैरसमज आहे. राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्यांची यादी प्रसिद्ध करते. ती परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 खालील अधिसूचना असते आणि तिचा संबंध मुख्यतः बँका व शासकीय कार्यालये यांच्याशी असतो. जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या स्थानिक सुट्यांचेही तसेच आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी अशी सुटी जाहीर झाली, तरी तेवढ्यावरून खाजगी दुकानातील नोकराला पगारी सुटी मागता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख लाल आहे, हा पुरावा नव्हे. खाजगी आस्थापनेतील हक्कासाठी कामगार कायद्यातील तरतूद, स्थायी आदेश म्हणजे आस्थापनेचे प्रमाणित सेवानियम, मालक व कामगार यांच्यातील तडजोड करार किंवा वर्षानुवर्षे चालत आलेली प्रथा यांपैकी काही तरी दाखवावे लागते.

दुकाने, गोदामे, कार्यालये, हॉटेले आणि कारखाना या व्याख्येत न बसणारे छोटे उद्योग यांच्यासाठी ही तरतूद महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017 मध्ये आहे. त्यानुसार कामगाराला एका कॅलेंडर वर्षात 8 पगारी सुट्या मिळतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार तारखा कायद्यानेच ठरवलेल्या आहेत; उरलेल्या चार मालक व कामगार यांनी स्थानिक परंपरा पाहून, वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या असतात. मूळ अधिनियम 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि 2025 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 20 वर नेण्यात आली. सोलापूरच्या बाजारपेठेत या बदलाचा अर्थ असा, की बारा-पंधरा माणसे ठेवणारी बरीच दुकाने या तरतुदीच्या बाहेर पडली आणि तेथे आता करार व प्रथा यांवरच भिस्त आहे.

वर्ष सुरू होण्यापूर्वी ही अट कागदावर किरकोळ वाटते, पण सोलापुरात तिला विशेष महत्त्व आहे. येथला सर्वांत मोठा स्थानिक उत्सव म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, आणि तिचा मुख्य विधी असलेला अक्षता सोहळा संक्रांतीच्या सुमारास, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, संमती कट्ट्यापाशी होतो. चार सुट्यांची बोलणी डिसेंबरात झाली नाहीत, तर नंदीध्वजांची मिरवणूक निघेपर्यंत यादीच तयार नसते आणि मालक ‘या वर्षी ठरलेले नाही’ असे म्हणून मोकळा होतो. यादीत काय घ्यायचे हाही सोपा प्रश्न नाही. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे कामगार एकत्र काम करतात. पद्मशाली कुटुंबांना नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव हवा असतो, कोणाला रमजान ईद, कोणाला बसव जयंती, कोणाला 14 एप्रिल, आणि दसरा-दिवाळी तर सर्वांनाच हवी असते. जागा मात्र चारच. काही ठिकाणी दोन सुट्या सर्वांसाठी समान ठेवून दोन ज्याच्या त्याच्या निवडीवर सोडतात. दोन्ही पक्षांना मान्य असेल तर ही व्यवस्था समंजसपणाची आहे, मात्र कोणी कोणता दिवस निवडला हे आधीच लिहून ठेवले नाही, तर पुढे वाद अटळ असतो.

सुटीच्या दिवसाचे वेतन कसे काढायचे, हेही अधिनियम सांगतो. ज्या महिन्यात ती सुटी येते, त्या महिन्यातील कामगाराच्या मिळकतीची दैनिक सरासरी काढायची आणि त्यात अतिकालिक कामाचे पैसे धरायचे नाहीत. मालकाला त्या दिवशी काम करवून घेण्याची मुभा आहे, पण दोन अटींवर : त्या कामाबद्दल दैनिक सरासरीच्या दुप्पट रक्कम द्यायची आणि शिवाय गेलेल्या सुटीच्या बदल्यात दुसऱ्या एखाद्या दिवशी रजा द्यायची. मालक यांतील एकच अट निवडू शकत नाही. ‘डबल हजेरी घे किंवा बदली सुटी घे’ असा पर्याय बाजारात सर्रास दिला जातो आणि कामगारही तो नियम समजून स्वीकारतात. वस्तुतः या अधिनियमाखाली दोन्ही गोष्टी देय आहेत.

नगावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा हिशोब उदाहरणाने स्पष्ट होतो. गणवेश शिवणाऱ्या एका आस्थापनेतील, हा अधिनियम लागू असलेली कामगार स्त्री ऑगस्ट महिन्यात, 15 तारीख सोडून, 24 दिवस कामावर आली असे समजू. तिची त्या दिवसांची मिळकत 12,480 रुपये असून त्यातले 480 रुपये अतिकालिक कामाचे आहेत. ते वजा केल्यावर 12,000 रुपये उरतात आणि 24 ने भागल्यास दैनिक सरासरी 500 रुपये येते. ती 15 ऑगस्टला घरी राहिली, तर एकही नग न शिवता तिच्या खात्यावर 500 रुपये पडले पाहिजेत. तिला कामावर बोलावले, तर त्या दिवसाचे 1,000 रुपये आणि पुढे एक दिवस रजा असा तिचा हक्क होतो. प्रत्यक्षात घडते ते असे, की त्या दिवशी तिने 520 रुपयांचे नग शिवले म्हणून तिला 520 रुपये मिळतात आणि मालकाच्या मते विषय संपतो. नगाचा दर नेहमीचाच असल्याने कमी दिल्याचे तिच्या लक्षातही येत नाही. तिचे 480 रुपये आणि एक रजा बुडालेली असते. नगावर काम करणाऱ्याला पगारी सुटी नसतेच, हा समज त्याहून जुना आणि अधिक नुकसानकारक आहे. दैनिक सरासरीची पद्धत तर अशाच कामगारासाठी सर्वांत उपयोगाची आहे.

मासिक पगाराच्या नोकराचा वाद वेगळा असतो. त्याच्या 15,000 रुपयांत सुटीच्या दिवसाचे वेतन आधीच धरलेले असते, म्हणून जादा एकच दिवसाचे द्यावे लागेल, असे मालक म्हणतो. कामाबद्दलची दुप्पट रक्कम पगाराशिवाय हवी, असे कामगाराचे म्हणणे असते. भाजक 26 धरायचा की 30, यावरही रक्कम बदलते : पहिल्या पद्धतीने दिवसाला सुमारे 577 रुपये येतात, दुसऱ्या पद्धतीने 500. नेमणूकपत्रात किंवा करारात हे दोन मुद्दे एका वाक्यात लिहून घेणे नंतरच्या भांडणापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

बदली रजेतला लबाडीचा प्रकार हजेरीपटावरून ओळखता येतो. समजा दुकानाची साप्ताहिक सुटी सोमवारी आहे. 2 ऑक्टोबरला काम करवून घेतले आणि पुढच्या सोमवारापुढे ‘बदली सुटी’ असे लिहिले, तर कामगाराला काहीच मिळालेले नसते, कारण तो सोमवार त्याचाच होता. बदली रजा कामाच्या दिवशीच पडली पाहिजे. पटावर राष्ट्रीय सुटीच्या रकान्यात ‘हजर’ आणि वेतनपत्रकात त्या दिवसासाठी वेगळी नोंद नाही, ही दुसरी खूण. तिसऱ्या प्रकारात सुटी घेतलेल्या दिवसापुढे सरळ खाडा मांडलेला असतो, आणि हजेरी बक्षीस त्याच खाड्यावरून कापले जाते.

कारखान्यांमध्ये स्थिती निराळी आहे आणि तेथे कामगारांचे अंदाज बहुधा चुकतात. 1948 च्या कारखाने अधिनियमात साप्ताहिक सुटीची तरतूद होती. ती सुटी हुकली तर त्याच महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत तितक्याच बदली सुट्या देण्याचे बंधनही होते, आणि दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांवरील कामाला दुप्पट दर होता. सणांच्या सुट्यांची यादी मात्र त्या अधिनियमात नव्हती. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक या राज्यांनी राष्ट्रीय व सणांच्या सुट्यांसाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रातील गिरण्या आणि यंत्रमाग कारखान्यांत हा प्रश्न प्रामुख्याने स्थायी आदेश, तडजोड करार आणि प्रथा यांवर सोडवला जात आला. म्हणून टॉवेल कारखान्यातील कामगार सणाला आठ तास राबला आणि करारात काही लिहिलेले नसले, तर केवळ अतिकालिक कामाच्या नियमावर दुप्पट वेतन मागणे टिकत नाही, कारण तासांची मर्यादा ओलांडलेलीच नसते. त्याचा खरा आधार सुट्यांची सूचनाफलकावर लावलेली यादी आणि मागील वर्षांची वेतनपत्रके हा असतो. चालत आलेली सुटी मालकाला एकतर्फी काढूनही घेता येत नाही. रजा व सुट्या हा विषय औद्योगिक विवाद अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत होता, आणि त्यात कामगारांच्या हिताविरुद्ध बदल करायचा तर 21 दिवसांची सूचना द्यावी लागे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांनी हे जुने केंद्रीय अधिनियम आपल्यात सामावून घेतले. साप्ताहिक सुटी, बदली सुटी आणि बदलाची सूचना या तरतुदी संहितांमध्येही आहेत.

एक सुटी या सर्व भेदांच्या पलीकडची आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 135ख नुसार लोकसभा वा विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार असलेल्या प्रत्येक नोकराला पगारी सुटी द्यावी लागते. एरवी काम नाही तर पैसे नाहीत अशा बोलीवर असलेल्या रोजंदारी कामगारालाही त्या दिवसाचे वेतन देय असते. तेथे कामगारसंख्येची अट नाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते, अशाच कामाला अपवाद आहे. दंड फक्त 500 रुपयांपर्यंत असल्याने ही तरतूद मोडणाऱ्याला फारशी झळ बसत नाही, हे तिचे वैगुण्य होय.

थकलेल्या मोबदल्यासाठी आधी मालकाकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी, आणि त्यानंतर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यावी. वेतन संहिता, 2019 नुसार वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पूर्वीच्या वेतन प्रदान अधिनियमात ही मुदत 12 महिन्यांची होती. अर्जाला त्या तारखेची हजेरी, त्या महिन्याचे वेतनपत्रक किंवा नगांची वही आणि सुट्यांच्या यादीचे छायाचित्र जोडावे. वही मालकाकडेच राहत असल्यास रोजच्या नगांची स्वतःची टिपणे चालतात, मात्र ती त्या त्या दिवशी लिहिलेली असली तरच त्यांना वजन येते.