धुक्यातील व्यक्तिचित्राचे डिहेझिंग

मोकळ्या जागी, धुक्यात किंवा धुरकट हवेत काढलेल्या व्यक्तिचित्रातला फिकेपणा संगणकावर उतरवण्याची क्रिया. फोटोवाल्यांच्या बोलीत ‘डिहेझ मारणे’. डोंगर, किल्ला, तलाव अशा नुसत्या देखाव्याला ती सहज लागू पडते. माणूस समोर असला की मात्र तोच स्लायडर चेहरा काळवंडवतो, डोळ्यांखाली खड्डे पाडतो आणि पुढच्या दुरुस्त्यांत कातडी राखेसारखी होते. या नोंदीत तेवढ्याच अडचणीचा विचार केला आहे.

सोलापूर हे कोरड्या हवेचे शहर, त्यामुळे दाट धुके इथे नित्याचे नाही. हिवाळ्यात पहाटे सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव किंवा हिप्परग्याच्या काठावर ते थोडा वेळ उतरते आणि ऊन चढले की विरते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पांढरी बाराबंदी घातलेल्या भाविकांचे फोटो अशा सकाळी काढले जातात. डिहेझिंगच्या दृष्टीने यापेक्षा अवघड फोटो मिळणे कठीण, कारण त्यात जवळचा सावळा चेहरा, त्याला लागून पांढरेशुभ्र कापड आणि मागे धुक्यात बुडालेले मंदिर अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात.

चेहऱ्यावर धुके असते किती?

धुक्यातून कॅमेऱ्यात येणारा प्रकाश दोन वाटांनी येतो. वस्तूचा स्वतःचा प्रकाश वाटेत थोडा गळतो, आणि हवेतल्या थेंबांवरून विखुरलेला पांढरट प्रकाश त्यात मिसळतो. हे असे मांडतात:

I = J·t + A(1 − t)

यात J हा वस्तूचा खरा रंग, A हा धुक्याचा रंग आणि t म्हणजे वस्तूचा किती प्रकाश शाबूत पोहोचला ते प्रमाण. अंतर वाढते तसा t झपाट्याने घटतो. डिहेझ म्हणजे या समीकरणातून A चा वाटा वजा करणे आणि उरलेले t ने भागून फुगवणे.

आता तलावाकाठचा फोटो घ्या. समजा दृश्यमानता 300 मीटर आहे, माणूस 3 मीटरवर उभा आहे आणि मागचे मंदिर 150 मीटरवर आहे. अशा हवेत चेहऱ्यासाठी t सुमारे 0.96 येतो, तर मंदिरासाठी जेमतेम 0.14. म्हणजे चेहऱ्याचा 96 टक्के प्रकाश जसाच्या तसा पोहोचला आहे. त्यावर उतरवण्यासारखे धुके जवळजवळ नाहीच! तरीही चेहरा सपाट दिसतो, कारण धुक्याने ऊन चहूबाजूंनी पसरवलेले असते आणि गालावर ठळक सावली पडत नाही. ही प्रकाशाची मृदुता आहे, तिला धुक्याचा पडदा समजून डिहेझ लावणे हीच मूळ चूक. आपल्याकडे स्टुडिओत मोठ्या सॉफ्टबॉक्सला पैसे मोजतात आणि धुक्याने फुकट दिलेला तोच प्रकाश एका स्लायडरने घालवतात.

कातडी का बिघडते

वरच्याच समीकरणात चुकीचा t घालून पाहा. प्रकाशाची मोजपट्टी 100 धरा आणि फोटोतल्या लाल, हिरवी, निळी या तीन रंगवाहिन्यांपैकी फक्त लाल घ्या. उजेडाकडच्या गालाचा खरा आकडा 40, सावलीकडच्याचा 20, धुक्याचा 90. कॅमेऱ्यात ते अनुक्रमे 42 आणि 22.8 असे उतरतात. आता चेहऱ्याचा t 0.96 ऐवजी 0.8 आहे असे गृहीत धरून धुके वजा केले, तर उजेडाकडचा गाल 30 होतो आणि सावलीकडचा 6. दोन गालांत दुपटीचा फरक होता तो पाचपट झाला. दाढीचे खुंट, नाकाच्या बाजूची घडी, डोळ्यांखालची काळी वर्तुळे हे सगळे सावलीकडच्या आकड्यांत राहते, म्हणून तेच आधी उठून दिसते. चेहरा राकट का झाला, याचे उत्तर इथे आहे.

करडेपणा दुसऱ्या पायरीत येतो. आपल्या कातडीत लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याखालोखाल आणि निळा सर्वांत कमी असतो. वजाबाकी जादा झाली की सावलीत हिरवा आणि निळा आधी तळ गाठतात, लाल तेवढा शिल्लक राहतो. त्यामुळे डिहेझनंतर कातडी पहिल्यांदा विटकरी, भडक दिसते. ते खटकते म्हणून सॅच्युरेशन खाली ओढले जाते. पण गडदपणा तसाच राहतो आणि रंग निघून जातो, मग जे उरते ते राखाडी. सॅच्युरेशन परत वर नेऊन हे सुधारत नाही. पुन्हा विटकरीच हाती लागते. डिहेझ कमी करणे हा एकच उपाय.

बाराबंदीची अडचण वेगळी आहे. 2009 साली कैमिंग हे, जियान सुन आणि शियाओउ तांग यांनी मांडलेल्या ‘डार्क चॅनल’ पद्धतीचा या क्षेत्रावर मोठा प्रभाव आहे. उघड्यावरच्या स्वच्छ फोटोत, आकाश सोडले तर, जवळपास प्रत्येक छोट्या तुकड्यात निदान एक वाहिनी अगदी गडद असते. तशी ती नसेल तर तिथे धुके आहे, असा तिचा अंदाज. पांढऱ्या धोतरात, फेट्यात, गांधी टोपीत तिन्ही वाहिन्या उजळच असतात. म्हणून या पद्धतीला जवळचे शुभ्र कापडही धुके वाटते आणि ते मळकट करून टाकले जाते. हा तुकडा मूळ पद्धतीत 15 × 15 पिक्सेलचा असल्याने कापडाला लागून असलेल्या मानेच्या कडेलाही त्याची झळ पोहोचू शकते.

काम करण्याची रीत

अडोबीने डिहेझ स्लायडर 2015 मध्ये आणला. पुढची रीत लाइटरूम आणि कॅमेरा रॉ यांसाठी आहे, फाइल रॉ धरली आहे.

सुरुवात व्हाइट बॅलन्सने करावी, कारण वजा होणाऱ्या धुक्याला स्वतःचा रंग असतो. सावलीतले धुके निळसर, कोवळ्या उन्हातले पिवळसर. ड्रॉपर बाराबंदीच्या खांद्यावर टेकवावा, मागच्या धुक्यावर नव्हे. धुक्यावर टेकवला तर पहाटेचा पिवळा सूर जातो आणि चेहरा निळ्याकडे झुकतो.

मग चेहऱ्यावर खरोखर पडदा आहे का, हे केसांवरून ताडून घ्यावे. कानामागच्या दाट केसांवर माउस नेला की लाइटरूमच्या हिस्टोग्रामखाली टक्क्यांत आकडे दिसतात. ते 3 ते 5 टक्क्यांच्या आसपास असतील तर चेहरा स्वच्छ आहे. 15च्या वर असतील तर पडदा आहे खरा, पण तो बहुतेक वेळा हवेतला नसतो: भिंगावर दव धरलेले असते किंवा समोरून ऊन आत शिरलेले असते. अशा वेळी आल्ट दाबून ब्लॅक्सचा स्लायडर डावीकडे न्यावा आणि केसांत पहिले काळे ठिपके दिसू लागताच थांबावे. बहुतेक चेहऱ्यांना एवढे पुरते. पांढरे केस किंवा टोपी असेल तर भुवई नाहीतर डोळ्याची बाहुली पाहावी.

डिहेझ लावायचे ते मागच्या भागाला. सब्जेक्टचा मास्क करून तो उलटा केला की माणूस सोडून बाकीचे निवडले जाते. त्यावर 25 ते 35 पुरे होते. मात्र इथेच फोटो फसतो. धुक्यात केसांच्या बारीक बटांमधून मागचे पांढरे डोकावत असते. मागचा भाग गडद झाला की डोक्याभोवती मास्कमध्ये न सापडलेल्या धुक्याची उजळ रेघ उरते, आणि माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय असा की मास्कमधून मऊ कडेच्या मोठ्या ब्रशने, फ्लो कमी ठेवून, केसांभोवतीचा पट्टा थोडा वजा करावा. म्हणजे परिणाम डोक्यापासून हळूहळू वाढत जातो. पायाखालची फरशी आणि घाटाची जवळची पायरी हेही वजा करावे, कारण तीही माणसाइतकीच जवळ आहेत. ती गडद आणि माणूस फिका राहिला तर कुठे तरी खोट आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळते, नेमकी कुठे ते सांगता आले नाही तरी.

माणसावर डिहेझ शून्य, फार तर 5 ते 8. कोणी आधीच सगळ्या फोटोला 30 दिले असेल, तर माणसाच्या मास्कमध्ये उणे 25 द्यावे; मास्कमधला आकडा मूळ आकड्यात मिळवला जातो, त्यामुळे 5च्या जवळपास परिणाम उरतो. चेहऱ्याला क्लॅरिटी देऊ नये. टेक्स्चर उणे 5 ते 10 चालते, त्यापुढे कातडी मेणासारखी होते. उठाव कमी वाटला तर एक्स्पोजर किंचित वाढवावे. चेहरा उजळ आणि मागचे थोडे दबलेले, एवढ्यानेच पुष्कळ काम होते.

डार्कटेबलच्या धुके काढण्याच्या मॉड्यूलमध्ये अंतराचाही स्लायडर आहे. तो लहान ठेवला तर परिणाम जवळच्या भागापुरता राहतो, आणि व्यक्तिचित्रात आपल्याला नेमके उलटे हवे असते. तेव्हा तिथेही मास्कला पर्याय नाही.

पारख

डोळे लवकर सरावतात, म्हणून आकडे पाहावेत. उजेडाकडच्या गालावर लाल, हिरवा, निळा हा क्रम टिकला पाहिजे. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीत लाल-निळ्यातली फारकत साधारण 15 ते 25 टक्के राहते. ती 5-6 वर आली की छपाईत चेहरा राखाडीच येणार. सावलीकडच्या गालावर निळा शून्याला टेकला असेल तर वजाबाकी जादा झाली आहे. नंतर 100 टक्के झूम करून फक्त डोळ्यांखालचा भाग आणि हनुवटी पाहावी. गिऱ्हाईक ‘चेहरा काळवंडला’ म्हणते तेव्हा त्याची नजर बहुधा तिथेच गेलेली असते.

मर्यादा

मंदिरासाठी t 0.14 होता, म्हणजे त्याचा खरा रंग परत आणायला तिथली माहिती सातपट फुगवावी लागते. त्याबरोबर सेन्सरचा नॉइजही सातपट वाढतो. मोबाइलच्या जेपीईजीत उजळ धुक्याच्या वाट्याला मोजक्याच छटा आलेल्या असतात, त्या ताणल्या की तलावावर आणि आकाशात पट्टे उमटतात. म्हणून शिखराची कड ओळखू येऊ लागली की हात आवरावा. ‘डार्क चॅनल’वाल्यांनीही सगळे धुके काढलेले नाही, त्यांच्या सूत्रात 0.95 हा गुणक मुद्दाम ठेवला आहे, कारण लांबच्या वस्तूंवर थोडा धूसरपणा राहिला नाही तर अंतर जाणवत नाही. फोटो अजून काढायचा असेल तर माणसाला जवळ घ्यावे, भिंग रुमालाने पुसावे, आणि रॉमध्ये, उजळ भाग कापला न जाईल इतके एक्स्पोजर ठेवून टिपावे. काठावरची जवळची झाडे किंवा घाटाची पायरी मागे धरली तर t आपोआप वाढतो आणि डिहेझची गरजच निम्म्यावर येते.