शंका आणि श्रद्धा

धार्मिक शंका म्हणजे आपण मानत असलेल्या देव, गुरू, ग्रंथ किंवा साधनमार्गाविषयी श्रद्धावंताच्या मनात उठणारी द्विधा. ती उठल्याने श्रद्धा दुबळी होते का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मराठी भाषेतच दडले आहे. मराठीत शंका 'विचारतात' आणि शंका 'घेतात'. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाचे कौतुक होते, तर सासरच्यांवर शंका घेणाऱ्या माणसाचे कुणी कौतुक करत नाही. शब्द एकच असला तरी क्रियापद बदलले की नाते बदलते. बहुतेक धर्मपरंपरांनी हाच भेद आपापल्या परिभाषेत केलेला आहे. कोल्हापुरात दिगंबर जैन, वारकरी, बौद्ध, मुस्लिम आणि ख्रिस्ती वस्त्या एकमेकींना लागून असल्याने तो जवळून पाहता येतो. सर्वांत बारीक मांडणी जैनांची असल्यामुळे या नोंदीत तिला जास्त जागा दिली आहे.

जैन मांडणी

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दिगंबर मंदिरांत दशलक्षण पर्व सुरू होते. त्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय रोज एक या क्रमाने वाचून समजावून देण्याची रीत आहे. सातव्या दिवशी सातव्या अध्यायातले तेविसावे सूत्र येते. सम्यग्दर्शनाला, म्हणजे खऱ्या श्रद्धेला, लागणारे पाच अतिचार त्यात सांगितले आहेत, आणि त्यांत पहिला अतिचार 'शंका' हाच आहे. दोन दिवसांनी नवव्या अध्यायात पंचविसावे सूत्र येते. त्यात स्वाध्यायाचे पाच प्रकार दिले असून दुसरा प्रकार 'पृच्छना' म्हणजे विचारणे हा आहे. स्वाध्याय हे अंतरंग तपांपैकी एक तप आहे. म्हणजे ज्या ग्रंथाने शंकेला दोष ठरवले, त्याच ग्रंथाने प्रश्न विचारण्याला उपवासाच्या पंक्तीत बसवले. सातव्या दिवसाचे प्रवचन ऐकून घरी गेलेला आणि नवव्या दिवशी न आलेला श्रोता अर्धाच धर्म घेऊन जातो, असे या लेखकाचे मत आहे.

आचार्य पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत पृच्छनेची व्याख्या केली आहे. संशय तोडण्यासाठी, किंवा जे आधीच निश्चित झाले आहे त्याला बळ देण्यासाठी दुसऱ्याला विचारणे म्हणजे पृच्छना. व्याख्येतला दुसरा भाग सहज नजरेतून सुटतो. ज्याची खात्री पटलेली आहे त्यानेही विचारावे, कारण विचारल्याने खात्री पक्की होते, असे तो भाग सांगतो. प्रश्नाने श्रद्धा ढिली होते हा समज इथे सरळ उलटा केलेला दिसतो.

'अतिचार' हा शब्दही नीट समजून घ्यावा लागतो. जैन आचारशास्त्रात दोषाच्या चढत्या पायऱ्या अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा आहेत. व्रत मोडते ते अनाचाराने. अतिचाराने त्याला डाग लागतो, पण व्रत शिल्लक राहते. शंका अतिचारात असल्यामुळे शंका आलेला माणूस श्रद्धेबाहेर फेकला जात नाही. टीकाकारांनी यासाठी एक उपमा वापरली आहे. वृद्धाच्या हातातली काठी थरथरते, पण हातातून सुटत नाही आणि जागाही सोडत नाही. श्रद्धेच्या अशा कंपाला 'अगाढ' दोष म्हणतात, आणि ज्याला तो आहे त्याची श्रद्धा खरीच मानली जाते. अजिबात न हलणारे, 'क्षायिक' सम्यक्त्व फार थोड्यांना लाभते.

या सौम्यपणालाही हद्द आहे. मिथ्यात्वाच्या, म्हणजे खोट्या श्रद्धेच्या, पाच प्रकारांत 'संशय' हा एक प्रकार आहे. दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य मिळून मोक्षमार्ग होतो की नाही, या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहायचे आणि कोणतीच बाजू पकडायची नाही, ही ती अवस्था. थोडक्यात पायऱ्या तीन आहेत. विचारणे हे तप, मनात शंकेची पाल चुकचुकणे हा डाग, आणि निर्णयच नको म्हणून लोंबकळत राहणे हे मिथ्यात्व. कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे त्याच्या पुढच्या हालचालीवरून कळते. उत्तर मिळाल्यावर तो पुढे सरकतो, की तोच प्रश्न दुसऱ्या दारी नेऊन पुन्हा मांडतो, हे पाहावे लागते.

अंजन चोराची गोष्ट

समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात सम्यग्दर्शनाच्या 'निःशंकित', म्हणजे शंकारहित, अंगाचे उदाहरण म्हणून अंजन चोराचे नाव घेतले आहे. पाठशाळेत मुलांना सांगितली जाणारी ही गोष्ट अशी आहे. स्मशानातल्या झाडाला एकशे आठ दोरांचे शिंके टांगलेले असते आणि खाली धारदार शस्त्रे टोके वर करून रोवलेली असतात. शिंक्यात बसून मंत्र म्हणत एकेक दोर तोडला की आकाशगामिनी विद्या मिळते, असे एका श्रावक शेठजीने सोमदत्ताला सांगितलेले असते. सोमदत्त झाडावर चढतो, खाली पाहतो आणि उतरतो. शेठ खोटे बोलला असेल तर काय, या विचाराने पुन्हा चढतो आणि पुन्हा उतरतो. तेवढ्यात चोरी करून पळालेला अंजन तिथे पोहोचतो. हकीकत ऐकून तो शिंक्यात बसतो. मंत्र त्याला धड आठवतही नाही, पण शेठ खोटे बोलणार नाही एवढे धरून तो सगळे दोर एका घावात तोडतो आणि त्याला विद्या सिद्ध होते.

ही गोष्ट पुष्कळदा आंधळ्या विश्वासाचे कौतुक म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात बोट ठेवले आहे ते चढण्या-उतरण्यावर. सोमदत्ताने प्रश्न विचारला म्हणून तो हुकला, असे गोष्ट कुठेच म्हणत नाही. त्याच्याजवळ मंत्र आणि विधी दोन्ही होते, तरी त्याला झाड सोडवेना आणि दोरही तोडवेना. अर्थात ही गोष्ट घरी वापरताना जपून वापरावी. 'शेठ खोटे बोलणार नाही' ही अंजनाची खात्री शेठच्या चारित्र्यावर उभी होती. चारित्र्य न पाहता कुणाच्याही शब्दावर शस्त्रांवर उडी घ्यावी, असे त्यातून निघत नाही. रत्नकरंडातच गुरुमूढता म्हणजे अयोग्य गुरूला भजणे हा वेगळा दोष सांगितला आहे.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे आ. ने. उपाध्ये (१९०६–१९७५) यांनी कुंदकुंदांच्या 'प्रवचनसारा'ची चिकित्सक आवृत्ती १९३५ मध्ये काढली. पूज्य ग्रंथाचे पाठभेद तपासायचे आणि आचार्यांचा काळ पुराव्यांनी ठरवायचा हे काम बाहेरून शंकेखोरपणाचे वाटते. जैन परिभाषेत त्याला पृच्छना म्हणता येईल.

गीता आणि वारकरी

गीतेच्या चौथ्या अध्यायात हाच भेद सहा श्लोकांच्या अंतरात आहे. चौतिसाव्या श्लोकात ज्ञान प्रणिपाताने, 'परिप्रश्नाने' आणि सेवेने मिळवायला सांगितले आहे, तर चाळिसावा श्लोक 'संशयात्मा विनश्यति' असे बजावतो. ज्ञानेश्वरांनी संशयाला विनाशाची वागुर, म्हणजे शिकाऱ्याचे जाळे, म्हटले आहे. तरीही अर्जुन पुढे विचारतच राहतो आणि 'गतसन्देहः' हा शब्द त्याच्या तोंडी येतो तो थेट अठराव्या अध्यायाच्या शेवटी. मधल्या एकाही प्रश्नाबद्दल कृष्ण त्याला अश्रद्ध म्हणत नाही. मीमांसकांनी तर संशयाला पद्धतीतच जागा दिली. विषय मांडल्यावर संशय सांगायचा, मग पूर्वपक्ष आणि शेवटी सिद्धांत, असा त्यांच्या अधिकरणाचा, म्हणजे एकेका चर्चेचा, क्रम असतो.

वारकऱ्यांकडे शंका भांडणाच्या रूपाने येते. 'माझे लेखी देव मेला' असे म्हणणारे तुकोबा विठ्ठलालाच ते ऐकवत होते. पाठ फिरवलेला माणूस भांडायला येत नाही, म्हणून वारकऱ्यांना या अभंगाची अडचण वाटत नाही.

बौद्ध

पालीत शंकेला 'विचिकिच्छा' म्हणतात. ध्यानाच्या पाच अडथळ्यांपैकी ती एक आहे. दीघनिकायात तिची तुलना धन घेऊन ओसाड, भयाच्या वाटेने निघालेल्या प्रवाशाच्या स्थितीशी केली आहे. स्रोतापन्न होताना, म्हणजे निर्वाणाच्या प्रवाहात पहिले पाऊल पडताना, जी तीन बंधने तुटतात त्यांतही ती आहे. मात्र कालामसुत्तात बुद्ध कालामांना सांगतात की तुम्हाला शंका येणे योग्यच आहे, आणि तिथे हाच शब्द वापरतात. वेगवेगळे उपदेशक येऊन एकमेकांना खोटे पाडत असताना काय धरावे, हा कालामांचा प्रश्न होता. ऐकीव आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे एवढ्यावरून स्वीकारू नका, अकुशल काय आणि कुशल काय हे स्वतः जाणा आणि त्याप्रमाणे सोडा किंवा आचरा, असे उत्तर त्यांना मिळाले. या सुत्ताचा पहिला भागच पुष्कळदा उद्धृत होतो. 'आचरा' हा शेवट गाळला तर उरते ती ओसाड वाटेवरची विचिकिच्छा.

इस्लाम

इस्लामी धर्मशास्त्राने शंकेचा रोजचा, व्यवहारी उलगडा केला आहे. 'खात्री शंकेने जात नाही' हा फिकहचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, मूळ नियम आहे. वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुऊन शुद्ध होणे, केल्याचे पक्के आठवते, पण तो मोडला की काय असे उगाच वाटत असेल, तर वजू कायम धरायचा. नमाजात तीन रकात, म्हणजे नमाजाची आवर्तने, झाल्या की चार, हे आठवेना झाले आणि असे वारंवार होत असेल, तर हनफी मतानुसार मन ज्या आकड्याकडे झुकते तो धरायचा. कुठेच झुकत नसेल तर कमी आकडा धरून एक रकात वाढवायची आणि शेवटी विसराचे दोन सजदे करायचे. पुन्हा पुन्हा हातपाय धुणारा माणूस जास्त धार्मिक मानला जात नाही. त्याला 'वसवसा' झाला आहे असे म्हणतात, आणि त्यावरचा उपाय तिकडे लक्ष न देणे हा आहे. 'सहीह मुस्लिम' या संग्रहात एक प्रसंग आहे. बोलायलाही जड जावेत असे विचार मनात येतात, अशी तक्रार सोबत्यांनी केली, तेव्हा पैगंबरांनी तीच स्पष्ट श्रद्धा असल्याचे सांगितले. विचार येणे हा दोष ठरला नाही, आणि तो आल्यावर वाटलेला जडपणा श्रद्धेची खूण मानला गेला. कुराणात इब्राहीम मेलेल्यांना कसे उठवतोस ते दाखव असे अल्लाहकडे मागतात. विश्वास नाही का, असे विचारल्यावर ते म्हणतात की आहे, पण मनाच्या समाधानासाठी.

ख्रिस्ती

मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप एका दमात आपला विश्वास सांगतो आणि अविश्वासावर मदतही मागतो. मूल बरे होते. थोमाला जखमा पाहिल्याशिवाय पटत नाही. त्याला हळुवार बोल लावला जातो, पण आधी जखमा दाखवल्या जातात.

पुरोहितावर शंका

कोल्हापूरची स्वतःची घटना वेगळ्या जातीची आहे. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर कार्तिक स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले. तिथून वेदोक्त प्रकरण उभे राहिले. महाराजांचा प्रश्न देव आहे की नाही हा नव्हता. देवापुढे आपल्यासाठी कोणते मंत्र म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असे ते विचारत होते. विरोधकांनी याला धर्मावरचा घाला मानले, आणि अधिकारावरच्या शंकेला श्रद्धेवरची शंका समजण्याची ही चूक सगळ्याच परंपरांत होत आली आहे. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. एका निर्मिकाला मानून मधला दलाल नाकारणे हे त्याचे मूळ सूत्र फुल्यांपासूनचे होते. १९२० मध्ये महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. मराठा घरांतले विधी मराठा पुरोहिताकडून व्हावेत हा त्यामागचा हेतू होता. या सगळ्या काळात महाराजांची अंबाबाईची भक्ती चालूच होती.