एसएसडी बायोसमधून गायब होणे

लाइट जाऊन आली किंवा लॅपटॉप झोपेतून उठवला की बायोसमध्ये एसएसडीचं नावच नसतं, स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतं, आणि दुकानवाला म्हणतो डिस्क गेली. दरवेळी ती गेलेली असतेच असं नाही. बायोस फक्त विचारतो आणि उत्तराची वाट बघतो, उत्तर वेळेत नाही आलं की त्याच्या लेखी तिथे काहीच जोडलेलं नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा की आतला कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारी चिप, गप्प का बसलाय.

पहिलं कारण वीज जाण्याचं. एसएसडीत तुमची फाइल नेमकी कुठल्या फ्लॅश पानावर आहे याचा एक मोठा तक्ता असतो, डेटा सतत इकडून तिकडे हलत असल्यामुळे तो तक्ताही सतत बदलतो, आणि ताजे बदल बऱ्याचदा आधी रॅममध्ये असतात, फ्लॅशवर नंतर उतरतात. मधेच वीज गेली की ते उतरायचे राहतात. मग पुढच्या वेळी कंट्रोलरला फ्लॅशवरच्या नोंदी वाचून तक्ता पुन्हा जुळवावा लागतो, याला कधी काही मिनिटंही लागतात, आणि बायोस तेवढा थांबत नाही. आपण वैतागून परत परत बटण दाबतो, म्हणजे त्याचं चाललेलं काम दरवेळी अर्ध्यावर तोडतो.

यावर क्रुशियल कंपनीनेच सांगितलेला उपाय सोपा आहे. साटा डिस्क असेल तर डेटा केबल काढायची, पॉवर केबल तशीच ठेवायची, २० मिनिटं काही करायचं नाही, मग ३० सेकंद वीज तोडायची आणि हेच परत एकदा करायचं. एम-टू डिस्कची केबल नसते, तिथे मशीन बायोसच्या सेटिंग स्क्रीनवर तेवढा वेळ सोडून द्यायचं, कारण तिथे विंडोज डिस्कच्या मागे लागत नाही.

पण डिस्क दिसते आणि आकार किंवा नाव भलतंच येतंय, तर गोष्ट वेगळी. २०११ मध्ये इंटेल ३२० मालिकेत हे झालं होतं: अचानक वीज गेल्यावर काही डिस्क फक्त ८ एमबीच्या दिसायच्या आणि सिरियल नंबरच्या जागी `BAD_CTX` यायचं. गंमत म्हणजे वीज गेली तरी डेटा वाचावा म्हणून याच मालिकेत कपॅसिटर बसवलेले होते, चूक फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित फर्मवेअर आलं, पण ज्यांची डिस्क आधीच ८ एमबीची झाली होती त्यांना ती पुसून वापरता आली तरी आतला डेटा परत नाही मिळाला. अशा डिस्कवर २० मिनिटांचा उपाय करत बसण्यात अर्थ नाही, डेटा हवा असेल तर काहीही न पुसता रिकव्हरीवाल्याकडे न्यावी.

दुसरं कारण झोपेचं, आणि ते जास्त करून एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीत. ही डिस्क रिकामी बसली की स्वतःहून खालच्या पॉवर स्टेटमध्ये उतरते, सगळ्यात खोल स्टेटमध्ये अगदी थोडी वीज खाते, पण तिथून वर यायला वेळ लागतो. डिस्कचं फर्मवेअर आणि मदरबोर्ड यांचं जमलं नाही तर ती उठतच नाही. लिनक्सच्या लॉगमध्ये तेव्हा `controller is down; will reset: CSTS=0xffffffff` असं दिसतं, सगळे एफ म्हणजे बसवर पलीकडून कोणी बोलतच नाहीये.

ओळखायची खूण: रीस्टार्ट करून डिस्क येत नाही, पण पूर्ण बंद करून वीज तोडली की लगेच येते. रीस्टार्टमध्ये स्लॉटची वीज सहसा जात नाही, त्यामुळे अडकलेला कंट्रोलर अडकलेलाच राहतो. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून चार्जर काढणं पुरत नाही, बंद करून पॉवर बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं, कधी बॅटरीची पिन काढावी लागते.

लिनक्सवर डिस्कच्या स्टेट अशा बघता येतात:

```
sudo nvme id-ctrl /dev/nvme0
```

शेवटी प्रत्येक `ps` पुढे `exlat` असतं, म्हणजे उठायला लागणारा वेळ, मायक्रोसेकंदात. समजा `ps 3` ला १२०० आणि `ps 4` ला ८००० आहे. मग कर्नलच्या बूट ओळीत हे टाकायचं:

```
nvme_core.default_ps_max_latency_us=5500
```

५५०० पेक्षा उशिरा उठणारी `ps 4` आता वापरली जाणार नाही, `ps 3` चालू राहील, बॅटरी थोडी जास्त जाईल एवढंच. तरी गायब होत असेल तर आकडा ० करून बघायचा, म्हणजे आपोआप झोपणं बंदच. पण हे कर्नल चालू असतानाचं झालं. त्यानेही फरक नाही पडला आणि थंड मशीनवरही डिस्क कधी येते कधी नाही असं होत असेल, तर बायोस आणि एसएसडीचं फर्मवेअर अपडेट करावं (बॅकअप घेऊन, अर्थात) आणि स्लॉट बदलून बघावा.